कॉफीची नोंदवही

घरी केलेल्या प्रत्येक कॉफीची पूड किती घेतली, दळण किती बारीक होते, वेळ किती लागला आणि चव कशी आली, एवढ्या चार गोष्टी ओळीने टिपून ठेवण्याची पद्धत. साधी वही आणि पेन्सिल पुरते. त्याखेरीज लागतो तो एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा. चमच्याचे माप इथे चालत नाही, कारण जास्त भाजलेली बी हलकी असते आणि तेवढाच चमचा भरूनही वजन कमी भरते. पाणीही मिलिलिटरऐवजी ग्रॅममध्ये मोजावे, म्हणजे कप काट्यावर ठेवूनच ओतता येते.

या चार रकान्यांपैकी पूड आणि दळण आपण ठरवतो, चव जिभेवर कळते. घोळ होतो तो वेळेच्या रकान्यात. फ्रेंच प्रेसमध्ये चार मिनिटे थांबायचे की सहा, हे आपल्या हातात असते; तिथे वेळ ही आपली निवड आहे. शंकूच्या आकाराच्या ड्रिपरमधून कागदी फिल्टरवर पाणी ओतून करतात त्या पोअर-ओव्हरमध्ये मात्र वेळ हा परिणाम असतो. दळण बारीक असेल तर पाणी अडते आणि वेळ वाढतो, जाडसर असेल तर ते झरझर खाली जाते. ओतण्याची पद्धत तीच ठेवली असेल, तर हा आकडा दळणाची खरी हकीकत सांगतो. ‘तीन मिनिटांत उतरलीच पाहिजे’ असा नेम धरून कॉफी करणारे लोक साक्षीदारालाच आरोपी समजतात.

एक उदाहरण पाहू. चिकमगळूरची मध्यम भाजलेली अरेबिका, हाताने फिरवायचा ग्राइंडर आणि उकळी येऊन थोडे निवलेले पाणी. आधी ४५ ग्रॅम पाणी ओतून पूड अर्धा मिनिट भिजू द्यायची, मग उरलेले पाणी दोन हप्त्यांत. वेळ पहिल्या थेंबापासून मोजायचा, ते पूड वरून कोरडी दिसेपर्यंत. ग्राइंडरची चकती फिरवताना होणारे क्लिक मोजून दळण ठरते; क्लिक जितके कमी, तितके दळण बारीक. पहिली नोंद अशी: पूड १५, पाणी २४०, दळण २२ क्लिक, वेळ २ मिनिटे. चव: ‘आंबट, पातळ, घोट गेल्यावर मागे काही राहत नाही.’

‘पातळ’ हा शब्द वाचून हात लगेच पुडीच्या डब्याकडे जातो. दुसरी नोंद: पूड १८, बाकी सगळे तेच, वेळ २ मिनिटे १५ सेकंद. चव: ‘दाट झाली, पण आंबटपणा जास्तच टोचतो.’ ही ओळ फुकट गेली असे वाटते, पण शिकवते तीच. कॉफीचा कडकपणा आणि पुडीतून उतरलेला अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्नेस्ट लॉकहार्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात हेच एका तक्त्यावर मांडले: एका बाजूला कपातले विरघळलेले घटक, दुसऱ्या बाजूला पुडीतून एकूण किती टक्के भाग विरघळला. पुडीच्या वजनाचा साधारण १८ ते २२ टक्के भाग उतरला तर चव जमते, असे तेव्हापासून मानले जाते. आम्ले लवकर सुटतात, कडू आणि तुरट घटकांना जास्त वेळ लागतो. पूड वाढवून पाणी तेवढेच ठेवले, की कप दाट होतो, पण दर ग्रॅममागे अर्क आणखी कमी उतरतो. म्हणून आंबटपणावर उपाय दळणात आहे.

तिसरी नोंद: पूड पुन्हा १५, दळण १९ क्लिक, वेळ २ मिनिटे ४० सेकंद. चव: ‘संत्र्यासारखा आंबटपणा, मागून गोडसर, कोमट झाल्यावर जास्त चांगली.’ इथे थांबले तरी चालते, पण एकदा पलीकडे जाऊन यावे. चौथी नोंद: १६ क्लिक, ३ मिनिटे ३५ सेकंद, ‘कडवट, जीभ कोरडी पडते.’ आता दोन्ही कुंपणे माहीत झाली आणि पुढचे फेरफार १८ ते २० क्लिकच्या आतच करायचे. त्यानंतरही कॉफी फिकी वाटली, तर मात्र पूड १६ ग्रॅम करून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम कंटाळवाणा आहे खरा. पण दोन बदलल्या, तर चव सुधारूनही कशामुळे सुधारली ते कळत नाही.

चवीचा रकाना भरताना ‘छान’ आणि ‘बरी’ हे शब्द निरुपयोगी ठरतात. आंबट, कडू, तुरट, गोड यांपैकी काय पुढे आले आणि घोट गिळल्यावर काय उरले, एवढे लिहावे. वाफाळत्या कॉफीत चवी नीट कळत नाहीत, म्हणून ती कोमट झाल्यावर, रोज साधारण सारख्याच वेळाने नोंद करावी. कडू आणि तुरट यांत गल्लत फार होते. कडवटपणा चवीचा असतो, तर तुरटपणात जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढली जाते. खूप भाजलेली बी मुळातच कडवट असते आणि दळणाने तो कडवटपणा थोडाच कमी होतो. त्यामुळे पाकिटावरची भाजल्याची तारीख आणि रंग पानाच्या डोक्यावर एकदाच लिहून ठेवावे.

वहीचा खरा उपयोग काही बिघडते तेव्हा कळतो. ग्राइंडर उघडून साफ केल्यावर क्लिकचा शून्य सरकतो. १९वरच दळूनही वेळ अचानक दोन मिनिटांवर आला, तर बियांना दोष देण्याआधी शून्य तपासावा. क्लिकचे आकडे त्याच ग्राइंडरपुरते असतात, मित्राचे १९ आपल्या कामाचे नाहीत. वेळ लांबतो आणि कॉफी एकाच घोटात आंबटही लागते, कडूही, असे असेल तर दळण विषम आहे. भुग्याने फिल्टर चोंदतो आणि जाड कण अर्धे कच्चे राहतात. मिक्सरमध्ये दळल्यास हे हमखास घडते, आणि तिथे दळणाच्या रकान्यात लिहिण्याजोगे काही नसतेच. त्यापेक्षा दुकानातून दळून आणावी आणि फक्त पूड-पाण्याचे प्रमाण बदलत जावे.

आकडे जुळतात, तरी चव सपाट लागते, असेही होते. अशा वेळी पाणी पाहावे. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्ले मारून टाकते. नळाला टँकरचे पाणी आले त्या दिवशी समासात तशी खूण करावी. पुण्या-मुंबईत उन्हाळ्यातल्या नोंदींना तिच्याशिवाय अर्थ लागत नाही.

चिकोरी घातलेल्या दाक्षिणात्य फिल्टर कॉफीसाठी हे रकाने जसेच्या तसे लागू पडत नाहीत. डिकॉक्शन सावकाश ठिबकते आणि पूड किती दाबली यावर त्याचा वेग ठरतो, शिवाय दूध-साखर चवीवर पांघरूण घालतात. तिथे पूड, ओतलेले पाणी, हाती आलेले डिकॉक्शन आणि त्यात घातलेले दूध यांची वजने लिहावीत आणि चव घ्यायची ती दूध घालण्याआधीच्या अर्ध्या चमच्याची.