x आणि y एकमेकांत अडकलेत, सोडवायचे कसे?

समजा दोन राशी आहेत आणि दोघींचा वाढायचा वेग एकमेकींवर अवलंबून आहे.

```
x' = x + 2y
y' = 3x + 2y
```

x काढायला y लागतो, y काढायला x, म्हणजे सुरुवातच होत नाही. एकटं `x' = 4x` असतं तर उत्तर `e^(4t)` असं तोंडपाठ आहे. मग प्रश्न असा की अशी एखादी दिशा आहे का, जिच्यावर उभं राहिलं की ही जोडगोळीसुद्धा एकट्या समीकरणासारखी वागते, नुसती ताणली जाते पण वळत नाही? ती दिशा म्हणजे आयगनव्हेक्टर आणि ताणण्याचा दर म्हणजे आयगनव्हॅल्यू, त्याला λ म्हणू.

दर आधी काढायचे. दिशा (a, b) असेल तर `a + 2b = λa` आणि `3a + 2b = λb` हवं, आणि a, b दोन्ही शून्य नकोत, त्यासाठी `(1-λ)(2-λ) - 6 = 0`, म्हणजे `λ² - 3λ - 4 = 0`, त्यातून 4 आणि -1. आता दिशा. λ = 4 ठेवलं की `-3a + 2b = 0` आणि `3a - 2b = 0` येतं, दोन्ही एकच समीकरण, आणि ते तसं यायलाच पाहिजे!! दोन वेगळी समीकरणं येऊन a आणि b दोन्ही शून्य निघाले तर λ चुकलाय, मागे जा. इथे दिशा मिळाली (2, 3). तसंच λ = -1 ला (1, -1).

आता प्रत्येक जोडीचं एक उत्तर, आणि त्यांची बेरीज, c1 आणि c2 हे सुरुवात कुठून होते त्यावरून ठरणारे आकडे:

```
x = 2·c1·e^(4t) + c2·e^(-t)
y = 3·c1·e^(4t) - c2·e^(-t)
```

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, घाईत (2, 3) ला `e^(-t)` चिकटवलं जातं आणि पुढचं सगळं चुकतं. शंका आली तर (2, 3) मूळ समीकरणात टाकून बघा, (8, 12) येतं, म्हणजे बरोबर चौपट, म्हणजे त्याचा जोडीदार 4 च.

दोन आयगनव्हॅल्यू वेगळ्या असल्या की दोन्ही दिशाही वेगळ्याच निघतात, म्हणून कुठलीही सुरुवात त्यांच्या मिश्रणातून बनवता येते. (3, 2) पासून निघालात तर `2c1 + c2 = 3`, `3c1 - c2 = 2`, दोन्ही c ची किंमत 1. आयगनव्हॅल्यू एकच दोनदा आली तर मात्र कधीकधी एकच दिशा मिळते आणि ही रेसिपी अपुरी पडते.

मला स्वतःला यातली खरी गंमत (1, -1) वर दिसते. तिथून निघालं तर c1 शून्य, सगळं शांतपणे शून्याकडे जातं. पण y मध्ये जरा चूक झाली, -1 ऐवजी -0.999 घेतला, तर c1 होतो 0.0002. काय एवढंसं, असं वाटतं ना? पण t = 3 ला `e^12` जवळजवळ 1,62,755 असतो, त्यामुळे x पोचतो 65 वर आणि y 98 च्या आसपास, शून्य वगैरे कुठेच नाही.