गोलफरक मोठा, तरी लीग दुसऱ्याची

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत लीगचे शेवटचे सामने आले की फुटबॉलपेक्षा गणितच जास्त चालतं. "पॉइंट सेम हाईत, पण गोल आमचे जास्त, म्हणजे आम्ही वर," असं एकजण ठासून सांगतो. लगेच मागच्या पायरीवरनं आवाज येतो, "पण तुम्हाला हरवलंय कुणी?" आता यातलं खरं कोण? दोघंही खरे असू शकतात. एक जण एका प्रकारचा नियम बोलतोय, दुसरा दुसऱ्या प्रकारचा.

पहिला बोलतोय तो गोलफरक. पूर्ण लीगमध्ये जेवढे गोल मारले, त्यातून जेवढे खाल्ले ते वजा करायचे. समोर कुणीही असो, तळातल्या टीमला मारलेला सहावा गोलही तेवढाच मोलाचा. दुसरा बोलतोय ते हेड टू हेड, म्हणजे आपसातले सामने. पॉइंट सारखे असलेल्या टीम एकमेकांशी खेळल्या तेव्हा काय झालं, तेवढंच बघायचं. बाकीच्या लीगकडे पाठ फिरवायची. इंग्लंडची प्रीमियर लीग आधी गोलफरक बघते, स्पेनची ला लीगा आधी आपसातले सामने.

हा फरक किती महागात पडू शकतो ते 2006-07 च्या ला लीगात दिसलं. शेवटी रिअल माद्रिद आणि बार्सिलोना दोघांचे 76 पॉइंट. बार्सिलोनाने 78 गोल मारले, 33 खाल्ले, म्हणजे फरक 45. रिअलने 66 मारले, 40 खाल्ले, फरक 26. तब्बल 19 गोलांची तफावत. पण आपसातले दोन सामने बघा. माद्रिदला रिअल 2-0 ने जिंकली, आणि बार्सिलोनाच्या मैदानावर मेस्सीच्या हॅटट्रिकनंतरही सामना 3-3 सुटला. जिंकल्याचे 3 आणि बरोबरीचा 1, असे रिअलचे 4 पॉइंट झाले, बार्सिलोनाचा 1. लीग रिअलची. शेवटच्या दिवशी बार्सिलोनाने 5-1 असा सामना मारला, पण पहिला नंबर मिळवायला त्यातले जादाचे गोल काही कामाचे नव्हते. हाच तक्ता इंग्लंडच्या नियमाने लावला असता तर चषक बार्सिलोनाला गेला असता. मला विचाराल तर वर्षभराच्या खेळाला गोलफरकच जास्त न्याय देतो. पण ज्याला समोरासमोर हरवलंय त्याच्या खाली बसायचं, हे आपल्या पेठेत तरी कुणाला पटणार नाही.

मोबाइलवर ला लीगाचा तक्ता बघताना एक गोष्ट हमखास चकवते. दोन टीमचे आपसातले दोन्ही सामने होईपर्यंत तिथंही गोलफरकानेच क्रम लागतो. दुसरा सामना झाला की मग आपसातला हिशेब लागू होतो, आणि पॉइंट सारखे असूनही नंबर अचानक खालीवर झालेले दिसतात. तक्ता चुकलेला नसतो. आणि आपसातही सगळं सारखंच सुटलं, तर पुन्हा पूर्ण लीगचा गोलफरक काढावाच लागतो.

खरा गुंता तीन टीमचे पॉइंट सारखे झाल्यावर होतो. तेव्हा त्या तिघांच्याच सामन्यांचा एक छोटा तक्ता मांडायचा आणि बाकीच्या टीमशी झालेले सामने खोडून टाकायचे. युरो 2004 मध्येही आधी आपसातलेच सामने बघत होते, आणि गटातले पहिले दोघेच पुढे जाणार होते. तिथं इटली, डेन्मार्क आणि स्वीडन एका गटात होते, चौथा बल्गेरिया. शेवटच्या फेरीआधी इटलीचे डेन्मार्कशी 0-0 आणि स्वीडनशी 1-1 झालेले. शेवटच्या दिवशी इटलीसमोर बल्गेरिया, आणि दुसऱ्या मैदानावर डेन्मार्क-स्वीडन. तिकडे 2-2 किंवा त्याहून मोठी बरोबरी झाली आणि इकडे इटली जिंकली, तर तिघांचे 5-5 पॉइंट होणार. मग छोट्या तक्त्यात प्रत्येकाच्या दोन बरोबऱ्या, पॉइंट 2-2 आणि गोलफरक शून्य. म्हणजे बघायचं फक्त मारलेले गोल, आणि तिथं इटलीचा एकच. बल्गेरियाला दहा मारले असते तरी तो आकडा एकावरच राहिला असता. गोलफरक आधी धरणाऱ्या स्पर्धेत त्याच दहा गोलांनी इटली गटात पहिली आली असती.

झालंही तसंच. 89 व्या मिनिटाला स्वीडनने गोल करून 2-2 केलं. ठरवून केलं, असा इटलीत बराच ओरडा झाला. छोट्या तक्त्यात स्वीडनचे 3 गोल, डेन्मार्कचे 2, इटलीचा 1. इकडे कासानोने जादा वेळेत गोल मारून इटलीला 2-1 जिंकून दिलं आणि तो हात पसरून बाकाकडे धावत सुटला. तिथं पोचल्यावर त्याला दुसऱ्या मैदानावरचा स्कोअर कळला.