आदेशाच्या कागदावर दिसणारी चूक आणि कागदाबाहेरची चूक

रिट अर्जात एक ओळ हमखास असते: ‘खालच्या प्राधिकरणाने अधिकारक्षेत्राबाहेर जाऊन आदेश दिला, तसेच आदेशात नोंदीवर उघड दिसणारी कायद्याची चूक आहे.’ दोन्ही आक्षेप एका दमात, जोडीने लिहिले जातात. ही दोन कारणे दोनशे वर्षांहून अधिक काळ वेगवेगळ्या वाटांनी चालत आली आहेत. कोणत्या वाटेने जायचे यावर अर्जाला काय जोडता येईल, न्यायाधीश किती खोलात जातील आणि कायद्यातले ‘आदेश अंतिम राहील’ हे कलम आडवे येईल का, हे सगळे अवलंबून असते.

आधी साधे उदाहरण घेऊ. समजा, कूळकायद्याखाली तहसीलदाराने जमीनमालकाच्या बाजूने कब्जाचा आदेश दिला. तो कायदा शेतजमिनीलाच लागू आहे. प्लॉट बिनशेती असूनही त्याने तो शेतजमीन धरला असेल, तर त्याने प्रकरणात हातच घालायला नको होता. ही अधिकारक्षेत्राची चूक झाली. ती दाखवायला बिनशेतीचा आदेश आणि सातबारा प्रतिज्ञापत्राला जोडून उच्च न्यायालयापुढे ठेवता येतो, मग ते कागद तहसीलदाराच्या फायलीत असोत वा नसोत. आता दुसरी कल्पना करा. जमीन शेतीचीच आहे आणि कुळाला तीन महिन्यांची लेखी नोटीस देणे कायद्याने बंधनकारक आहे. आदेशात तहसीलदार स्वतःच लिहितो की नोटीस दोन महिन्यांची होती, आणि तरीही ती पुरेशी मानतो. इथे त्याला प्रकरण ऐकण्याचा पूर्ण अधिकार होता, पण ऐकताना तो कायद्यात चुकला. ही चूक आदेशाच्या कागदावरच आहे. कागद आणि कलम शेजारी ठेवले की ती दिसते.

तेव्हा प्रश्न चूक किती मोठी याचा नसतो. ती शोधायला कुठे पाहण्याची मुभा आहे, हा असतो. अधिकार होता का, हे तपासायला न्यायालय फायलीच्या बाहेरही पाहू शकते. अधिकार असताना कायदा चुकला असेल, तर जुन्या इंग्रजी नियमाप्रमाणे ती चूक नोंदीच्या दर्शनी भागावरच दिसली पाहिजे.

हा नियम लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयात घडला. सर्शिओरारीचे रिट, म्हणजे आपल्याकडचे उत्प्रेषण, हा खालच्या न्यायाधिकाऱ्याला दिलेला हुकूम असे: तुझी नोंद इकडे पाठव. आलेली नोंद वाचायची आणि चूक दिसली तर आदेश रद्द करायचा. सतराव्या-अठराव्या शतकात दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेच्या नोंदीत आरोप, साक्षी, निष्कर्ष असे सारे लिहिलेले असे. त्यामुळे कायद्याच्या बारीक चुकाही वरच्या न्यायालयाला सहज सापडत आणि शिक्षा पटापट रद्द होत. 1848 मध्ये संसदेने दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेसाठी छोटा, ठरावीक नमुना घालून दिला. त्यात साक्ष लिहिण्याची गरज उरली नाही. नोंदच आटली, तेव्हा तिच्यात चूक दिसायलाही बंद झाली. 1922 मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या नॅट बेल लिकर्स या प्रकरणात लॉर्ड समनर यांनी याचे वर्णन करताना म्हटले की नोंदीचा चेहरा आता स्फिंक्ससारखा गूढ झाला आहे. कायदा बदललेला नव्हता, पण वाचायला काहीच उरले नव्हते.

पुढची तीस वर्षे हा आधार जवळजवळ विस्मरणात गेला. 1944 मध्ये तर इंग्लंडच्या अपील न्यायालयानेच म्हटले की अशा चुकीसाठी हे रिट मिळत नाही. मग शॉ यांचे प्रकरण आले. नॉर्थम्बरलँडमधल्या एका रुग्णालय मंडळाचे ते लिपिक होते. राष्ट्रीय आरोग्य सेवा आली तेव्हा त्यांचे पद गेले. नुकसानभरपाई सेवेच्या वर्षांवर ठरायची होती. शॉ यांनी त्याआधी दुसऱ्या स्थानिक संस्थेतही नोकरी केली होती, पण न्यायाधिकरणाने फक्त रुग्णालय मंडळातली वर्षे धरली. आपण काय धरले आणि काय वगळले हे न्यायाधिकरणाने आदेशातच लिहिले होते. आदेशाच्या तोंडावर चूक आहे, हे न्यायाधिकरणाच्या वकिलानेही मान्य केले. वाद एवढाच उरला की ती दुरुस्त करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे का. 1951 मध्ये लॉर्ड जस्टिस डेनिंग यांनी जुने निवाडे एकेक करून उलगडले आणि होकार दिला. नोंद म्हणजे काय, हेही त्यांनी सांगितले: कार्यवाही सुरू करणारा कागद, पक्षकारांची निवेदने असल्यास ती, आणि निर्णय. साक्षपुरावा त्यात येत नाही. कारणेही येत नाहीत, न्यायाधिकरणाने ती निर्णयात स्वतः घातली नसतील तर. मला या निवाड्याचे विशेष वाटते ते एवढ्यासाठी, की ज्याने आपली कारणे प्रामाणिकपणे लिहिली तोच तपासणीला उघडा पडतो आणि ज्याने काहीच लिहिले नाही तो वाचतो, हा त्या नियमाचा अन्यायही त्यातून स्पष्ट होतो.

आपल्याकडे संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयांना हे रिट काढण्याचा अधिकार नुकताच मिळाला होता. त्यामुळे इंग्लंडमधला हा ताजा विचार लगेच इथे पोहोचला. त्याची खरी कसोटी हरी विष्णू कामत यांच्या प्रकरणात लागली. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत होशंगाबाद मतदारसंघात ते 174 मतांनी हरले. लोकसभेच्या मतपत्रिकेवर हिरवा पट्टा आणि विधानसभेच्या मतपत्रिकेवर चॉकलेटी पट्टा, अशी व्यवस्था होती. काही मतदान केंद्रांवर या मतपत्रिकांची अदलाबदल झाली. विजयी उमेदवार सय्यद अहमद इसहाक यांच्या मोजलेल्या मतांपैकी 301 मते चुकीच्या पट्ट्याच्या मतपत्रिकांवरची होती. त्या केंद्रासाठी ठरवून दिलेल्या खुणेपेक्षा वेगळी खूण असलेली मतपत्रिका नाकारली पाहिजे, असे नियम सांगत होता. तरीही निवडणूक न्यायाधिकरणाने बहुमताने कामतांचा अर्ज फेटाळला.

सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींसमोर हे प्रकरण आले तेव्हा मतपत्रिका कोणत्या रंगाच्या होत्या यावर वाद नव्हता. न्यायाधिकरणाला अर्ज ऐकण्याचा अधिकारही होता. म्हणजे अधिकारक्षेत्राची वाट बंद होती. उरला होता नियमाचा अर्थ, आणि तो कागदावरच स्पष्ट होता. न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय आणि ती निवडणूक रद्द ठरवली. निवाड्यात न्यायमूर्ती व्यंकटराम अय्यर यांनी उत्प्रेषणाच्या मर्यादाही सांगितल्या. अधिकारक्षेत्राची चूक दुरुस्त होते. बाजू न ऐकता किंवा नैसर्गिक न्याय मोडून दिलेला आदेश रद्द होतो. कायद्याच्या तरतुदीकडे उघड दुर्लक्ष असेल तर तेही चालते. मात्र उच्च न्यायालय अपील न्यायालय होत नाही, म्हणून पुरावा नव्याने तोलत नाही.

पण ‘उघड’ कशाला म्हणायचे? मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी सुरत नगरपालिकेच्या एका प्रकरणात कसोटी दिली होती: चूक आपोआप दिसली पाहिजे. ती सिद्ध करायला तपासणी किंवा युक्तिवाद लागत असेल, तर ती उघड नाही. कामत प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी उद्धृत केली आणि तिची अडचणही सांगितली: एका न्यायाधीशाला जे स्वयंस्पष्ट दिसते ते दुसऱ्याला तसे दिसेलच असे नाही. 1959 मध्ये सत्यनारायण हेगडे यांच्या प्रकरणात, तेही मुंबईच्या कूळकायद्याखालचेच, न्यायालयाने तीच गोष्ट जरा वापरण्याजोगी करून मांडली. ज्या मुद्द्यावर दोन मते संभवतात आणि जिथे चूक दाखवायला लांबलचक तर्क लागतो, ती चूक दर्शनी नव्हे. वरच्या उदाहरणातली दोन महिन्यांची नोटीस या कसोटीत बसते. पण नोटीस बजावली कोणत्या दिवशी, टपालाने गेली तर तारीख कुठली धरायची, असा वाद असता तर ती बसली नसती.

दरम्यान इंग्लंडमध्ये अधिकारक्षेत्राची चूक फुगत गेली. ॲनिस्मिनिक या कंपनीच्या इजिप्तमधल्या खाणी 1956 च्या सुएझ प्रकरणात जप्त झाल्या होत्या. परदेशी नुकसानभरपाई आयोगाने तिचा दावा फेटाळला. कायद्यात म्हटले होते की आयोगाच्या निर्णयाला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. 17 डिसेंबर 1968 रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की आयोगाने गैरलागू निकष लावून स्वतःचे अधिकारक्षेत्रच ओलांडले. म्हणून तो निर्णय मुळात निर्णयच नव्हता, आणि मनाई त्याला लागू पडत नव्हती. मनाईच्या कलमापुढे नोंदीवर दिसणारी चूक टिकली नसती, अधिकारक्षेत्राची चूक टिकली. त्यानंतर तिथे कायद्याच्या जवळपास प्रत्येक चुकीला अधिकारक्षेत्राची चूक म्हणायची वाट मोकळी झाली आणि जुना भेद इंग्लंडपुरता मावळत गेला.

भारतात तो मावळला नाही. 1972 मध्ये एम. एल. सेठी प्रकरणात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी ॲनिस्मिनिकचा उल्लेख करून सीमा किती पुसट झाली आहे हे नोंदवले, पण त्याआधीच आपल्याकडे या भेदावर बरेच काही उभे राहिले होते. 1962 चे उज्जम बाई प्रकरण बिडीच्या विक्रीकराचे होते. विक्रीकर अधिकाऱ्याने करमाफीच्या अधिसूचनेचा अर्थ चुकीचा लावला, अशी तक्रार होती. बहुसंख्य न्यायमूर्तींनी म्हटले की अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने वैध कायद्याखाली अर्थ चुकवला, तर केवळ त्या चुकीने मूलभूत हक्काचा भंग होत नाही. म्हणून अनुच्छेद 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात येता येत नाही.

दिवाणी न्यायालयात हाच भेद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 115 मध्ये रोज भेटतो. पुनरीक्षणात उच्च न्यायालय अधिकारक्षेत्राशी निगडित चूकच पाहते. पांडुरंग धोंडी चौगुले विरुद्ध मारुती हरी जाधव या मुंबईहून गेलेल्या प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी रेघ ओढून दिली. दावा मुदतीत आहे की नाही, किंवा तोच वाद आधी निकाली निघाला आहे का, हे ठरवताना न्यायालय चुकले, तर त्याच्या अधिकारालाच धक्का लागतो, म्हणून पुनरीक्षण चालते. हुकूमनाम्याचा अर्थ लावताना झालेली चूक कायद्याचीच असते, पण ती अधिकाराची नसते. तिथे पुनरीक्षण चालत नाही, चूक कितीही ठळक असली तरी.

2015 मध्ये राधे श्याम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायालयांच्या न्यायिक आदेशांना उत्प्रेषणाच्या कक्षेतून काढले. त्यांच्यासाठी आता अनुच्छेद 227 चे पर्यवेक्षण उरले आहे. न्यायाधिकरणे आणि महसुली अधिकारी मात्र अजून 226 खालीच येतात. तहसीलदाराच्या त्या आदेशाला आव्हान देताना बिनशेतीचा मुद्दा असेल तर बिनशेतीचा आदेश अर्जाला जोडायचा. नोटिशीचा मुद्दा असेल तर आदेशातला तो परिच्छेद आणि कलम एकाखाली एक उतरवायचे आणि तिथेच थांबायचे. त्याला नवे प्रतिज्ञापत्र जोडले, तर चूक उघड नाही हे आपणच कबूल केल्यासारखे होते.