वास आला की प्रश्न संपतो: शुगरची गोळी, दारू आणि पहाटेचा घोळ

दारू आणि शुगरच्या गोळीबद्दल आपल्याकडे अजून एकच वाक्य ऐकू येतं, "गोळीवर घेतली की रिअॅक्शन येते". माझ्या मते सगळा गोंधळ या एका शब्दापासून सुरू होतो. हा शब्द आला कुठून ते बघितलं तर कळतं की लोक एका गोष्टीला घाबरत बसले आणि दुसरीच गोष्ट माणसाला खाली पाडत होती.

इन्सुलिन 1921-22 मधलं, ते सगळ्यांना माहितीय. गोळ्यांची गोष्ट मात्र 1942 ची, फ्रान्समधल्या मोंपेलिए शहराची. टायफॉइडच्या पेशंटना एक नवीन सल्फा औषध देत होते आणि त्यातल्या काहींची शुगर एकदम खाली जायला लागली. म्हणजे आज आपण जो औषधाचा उपयोग म्हणतो तो आधी साइड इफेक्ट म्हणून दिसला होता. त्यातूनच सल्फोनिलयुरिया हा गट तयार झाला. 1950 च्या दशकात गोळ्या बाजारात आल्या, त्यात एक होती क्लोरप्रोपामाइड. ही गोळी चालू असताना दारू घेतली की काही जणांचा चेहरा थोड्याच वेळात लालबुंद व्हायचा, कान तापायचे, डोकं ठणकायचं. "रिअॅक्शन" म्हणजे हीच. दिसायला भयंकर, पण शुगर खाली जाण्याशी हिचा काही संबंध नाही. पुढे ती गोळी मागे पडली, त्याच गटातल्या ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड आल्या, यांच्यावर चेहरा सहसा लाल होत नाही. आमच्या घरातली जुनी माणसं सांगतात की मग लोक म्हणायला लागले, नवीन गोळी चांगली आहे, हिच्यावर काही होत नाही. होत होतं. फक्त ते रात्री टेबलावर दिसायचं नाही, पहाटे अंथरुणात व्हायचं.

माझ्या मामाचंच सांगतो. पॉवरलूमच्या कारखान्यात आयुष्य गेलं, वय 58, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी सकाळी आणि रात्री जेवणाआधी. त्या दिवशी साडेसातला गोळी घेतली, आता जेवायचंच आहे म्हणून, आणि तेवढ्यात दोन दोस्त आले. आठ ते साडेदहा बसले, एक क्वार्टर व्हिस्की, सोबत थोडे शेंगदाणे. भाकरी तशीच झाकून राहिली, मामा झोपला. साडेचारला मामी उठली तर बनियन घामाने चिंब, मामा उठून बसलेला, जीभ जड, "लूम बंद कर, लूम बंद कर" असं काहीतरी बडबडतोय, पाणी दिलं तर हात झटकला आणि शिवी दिली, ज्या माणसाने तिला कधी शिवी दिली नव्हती. तोंडाला वास होताच. सगळे म्हणाले अजून उतरली नाही, झोपवा. साडेसहाला हाका मारल्या तर डोळे उघडेनात. शेजारच्या पोराच्या आजीचं ग्लुकोमीटर आणलं, शुगर फक्त 34.

आता हे रात्री न होता पहाटे का झालं ते बघा. क्वार्टर म्हणजे 180 मिली, 42.8 टक्के, त्यात अल्कोहोल साधारण 60 ग्रॅम. लिव्हर तासाला 7-8 ग्रॅम निपटतं, म्हणजे पुरे आठ तासांचं काम, पहाटेपर्यंत ते त्यातच गुंतलेलं. माणूस न जेवता झोपला की लिव्हर आधी साठवलेली साखर सोडतं आणि ती संपत आली की नवीन साखर बनवायला घेतं. अल्कोहोल हे नवीन बनवणंच अडवतं, कारण ते जाळताना लिव्हरमधलं रसायनाचं गणित असं पालटतं की साखरेचा कच्चा माल समोर असून वापरता येत नाही. एरवी कोणी उपाशी झोपला तर लिव्हर सांभाळून घेतं. इथे ते हात वर करतं आणि तिकडे गोळी पॅन्क्रियाजला इन्सुलिन सोड, सोड म्हणून ढोसत राहते, पोटात काही असो नसो. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्याचंही तेच, टोचलेलं परत काढता येत नाही. हातभट्टी असो, शिंदी असो की महागडी बाटली, लिव्हरला सगळं सारखंच.

घाम, थरथर, धडधड ही धोक्याची घंटा असते, पण पिऊन झोपलेल्याला ती स्वतःला ऐकू येत नाही. मग मेंदूला साखर पुरत नाही तेव्हा जे दिसतं ते बघा, बोबडं बोलणं, झोकांड्या, चिडणं, भलतंच बरळणं. ही यादी दारूड्याची म्हणून दिली तरी कोणी हरकत घेणार नाही.

आणि ही यादी आपल्याकडे कायद्यातसुद्धा मुरलेली आहे, इथे जरा थांबायला पाहिजे. 1949 च्या दारूबंदी कायद्यापासून महाराष्ट्रात "नशेत आहे का" हे डॉक्टरने तपासून लिहून द्यायची पद्धत आली. वास, चाल, बोलणं, डोळ्यांच्या बाहुल्या हे बघायचं. रक्ताच्या तपासणीचे नियम 1959 चे. मग 1971 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या केसमध्ये देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने सांगितलं की नुसता वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं आणि मोठ्या झालेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस नशेत होता असं धरता येत नाही, रक्त किंवा लघवी तपासलेली नव्हती. निकाल बरोबरच होता, पण तो आरोपीला वाचवणारा, पेशंटला नाही. कारण मामासारख्याच्या रक्तात अल्कोहोलही सापडू शकतं. ब्रेथ अॅनालायझर, ज्याची मर्यादा गाडीवाल्यांसाठी 100 मिली रक्तात 30 मिलीग्राम आहे, तोही तेव्हा दारूच सांगेल आणि खरंच सांगेल. दारू आहे की नाही याचं उत्तर मिळालं की शुगर कमी आहे का हे कोणी विचारतच नाही, दोन्ही एकाच अंगात असू शकतं हे सुचतच नाही. इतकी वर्षं वाद झाला तो दारू सिद्ध कशी करायची याचा. त्या तपासणीत बोटाला सुई टोचून शुगर बघणं पहिल्या ओळीवर का नसावं हे मला कळत नाही, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मामाला पहिल्या दवाखान्यात हेच ऐकायला मिळालं, वास येतोय, सलाईन लावतो, उतरली की उठेल. मामेभावाने मीटरवरचा 34 आकडा दाखवला तेव्हा हालचाल झाली. शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज दिलं आणि दहा मिनिटांत मामाने डोळे उघडून विचारलं, भाकरी कुठाय. दारू काही अशी दहा मिनिटांत उतरत नाही, यावरूनच कळतं काय होतं ते. एक बरं झालं, घरी कोणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतलं नाही, ते श्वासनलिकेत गेलं असतं. शुद्धीवर असलेल्याला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. पण गोळीत तिसरं औषध व्होग्लिबोज असेल, आपल्याकडच्या बऱ्याच स्ट्रिपमध्ये असतं, तर घरातली साखर पचायला वेळ लागतो, तिथे ग्लुकोजच पाहिजे.

नऊ वाजता घरचे म्हणाले, बरा झाला, नेतो घरी. तिथल्या दुसऱ्या डॉक्टर बाईंनी सोडलं नाही. इन्सुलिनचा एक डोस ठराविक तासांत ओसरतो, ही गोळी रेंगाळते, त्यात किडनी थोडी कमजोर असली तर अजूनच. शिरेतून दिलेली साखर संपते आणि गोळी चालूच राहते. साडेबाराला मोजलं तर परत 58, आणि या वेळी तोंडाला वास अजिबात नव्हता. दर तासाला बोट टोचत, डेक्स्ट्रोज चालू ठेवून त्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवलं.