गोळी बंद झाली, परिणाम मात्र चालूच: रिफॅम्पिसिन, सिमेटिडिन आणि ग्रेपफ्रूटची पार्श्वभूमी

समजा, चाळिशीतल्या एका बाईंच्या हृदयात धातूची मिट्रल झडप बसवलेली आहे. झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून त्या रोज ४ मिलिग्रॅम वॉरफॅरिन घेतात. रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा त्यांचा आयएनआर तीनच्या आसपास आहे, म्हणजे हवा तिथेच. मग त्यांना क्षय होतो आणि क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. दोन आठवड्यांनी आयएनआर १.४ येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गोळी चुकवली का?" दुसरा: "मेथी, पालक जास्त खाल्ला का?" बाई शपथेवर नाही म्हणतात, आणि त्या खरं बोलत असतात.

त्यांच्या क्षयाच्या गोळीत रिफॅम्पिसिन आहे. एकाच गोळीत चार औषधं असल्यामुळे रुग्णाला त्याचं नाव माहीत नसतं, पण लघवी नारिंगी होते हे ती नक्की सांगते. वॉरफॅरिनच्या रुग्णाचा आयएनआर अचानक घसरला, तर आधी लघवीचा रंग विचारावा असं मला वाटतं. रुग्णावर संशय घेण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

हे का होतं, ते समजून घ्यायला १९५८ पर्यंत मागं जावं लागतं. त्या वर्षी अमेरिकेत मार्टिन क्लिंगेनबर्ग आणि डेव्हिड गारफिंकेल यांनी वेगवेगळ्या शोधनिबंधांत लिव्हरच्या पेशींमधल्या एका रंगद्रव्याचं वर्णन केलं. त्यावर कार्बन मोनॉक्साइड सोडला की ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून घ्यायचं. १९६२ मध्ये जपानमध्ये त्सुनेओ ओमुरा आणि र्यो सातो यांनी ते हीम असलेलं प्रथिन आहे हे दाखवलं आणि त्याला तात्पुरतं नाव दिलं: सायटोक्रोम पी-४५०. यातला पी म्हणजे पिगमेंट. तात्पुरतं नाव कायमचं झालं. पुढे कळलं की हे एक प्रथिन नसून एन्झाइमचं मोठं कुटुंब आहे. वॉरफॅरिनसकट आपण गिळतो त्यांपैकी कितीतरी औषधांची मोडतोड हेच कुटुंब करतं. त्यातलं सीवायपी३ए४ लिव्हरमध्येही असतं आणि लहान आतड्याच्या अस्तरातही. पुढच्या गोष्टीत ते वारंवार येईल.

औषध दिल्याने या एन्झाइमचं प्रमाणच वाढतं, हे १९५०च्या दशकाअखेरीस जर्मनीत हर्बर्ट रेमर यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. फिनोबार्बिटॉल काही दिवस दिलेल्या प्राण्यांना नंतर झोपेचं औषध दिलं, तर त्यांची झोप लवकर उडायची. लिव्हर तेच औषध जास्त झपाट्याने संपवत होतं. यालाच इंडक्शन म्हणतात, म्हणजे कारखान्यात कामगार वाढवणं. नवे कामगार भरती व्हायला वेळ लागतो, हे लक्षात ठेवा.

रिफॅम्पिसिनची कहाणी १९५७ मध्ये सुरू होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून आणलेल्या मातीच्या नमुन्यात मिलानच्या लेपेटिट प्रयोगशाळेला एक जिवाणू सापडला. पिएरो सेन्सी यांच्या गटाने त्यापासून मिळालेल्या रिफामायसिनमध्ये बदल करत, १९६०च्या दशकाच्या मध्यावर तोंडावाटे घेता येणारं रिफॅम्पिसिन तयार केलं. क्षयाचा उपचार दीड वर्षावरून सहा महिन्यांवर आणण्यात या औषधाचा मोठा हात आहे.

दुसरी बाजू १९७१ मध्ये जर्मन डॉक्टरांनी नोंदवली. क्षयासाठी रिफॅम्पिसिन घेणाऱ्या स्त्रिया गर्भनिरोधक गोळी नेमाने घेत होत्या, तरी त्यांना दोन पाळ्यांच्या मधे रक्तस्राव व्हायचा. पुढच्या काही वर्षांत अशा स्त्रियांना दिवस गेल्याचीही उदाहरणं छापून आली. गोळीतलं इस्ट्रोजेन सीवायपी३ए४ मोडतं, आणि रिफॅम्पिसिनने तेच एन्झाइम वाढवलं होतं. कसं, ते १९९८ मध्ये उलगडलं. पेशीत पीएक्सआर नावाचा एक रिसेप्टर असतो. रिफॅम्पिसिन त्याला जाऊन चिकटतं, मग तो डीएनएवर बसून एन्झाइमच्या जनुकाला "आणखी बनव" असा निरोप देतो. आपल्याकडच्या माला-एन गोळीत इस्ट्रोजेन फक्त ३० मायक्रोग्रॅम असतं. म्हणून क्षयाच्या उपचारात, आणि तो संपल्यावरही चार आठवडे, तिच्यावर भरवसा न ठेवता दुसरी पद्धत वापरायला सांगतात.

चार आठवडे का? औषध तर एका दिवसात शरीराबाहेर गेलेलं असतं! उत्तर पुन्हा कामगारांत आहे. भरती थांबली तरी आधी घेतलेले कामगार काही दिवस कामावरच असतात. रिफॅम्पिसिनचा जोर चढायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि उतरायलाही तेवढेच, कधी त्याहून जास्त.

आता त्या बाईंकडे परत येऊ. आयएनआर बघत बघत डॉक्टर वॉरफॅरिन ४ वरून ६, मग ९, मग १२ मिलिग्रॅमवर नेतात. दुप्पट ते पाचपट डोस लागल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे हे काही विपरीत नाही. आयएनआर पुन्हा तीनवर स्थिरावतो. सहा महिने होतात, क्षयाचा कोर्स पूर्ण होतो, घरात पेढे वाटले जातात. क्षयाच्या गोळ्या एका केंद्रातून मिळायच्या आणि वॉरफॅरिन लिहून देणारे हृदयाचे डॉक्टर दुसरीकडे असतात. गोळ्या थांबल्याचा निरोप इकडून तिकडे जात नाही आणि बाई १२ मिलिग्रॅम घेतच राहतात.

पहिल्या तीन-चार दिवसांत आयएनआर केला तर तो जवळपास तीनच येईल. इथेच सगळे गाफील राहतात. वाढीव एन्झाइम अजून टिकून आहे, वॉरफॅरिन स्वतः हळू साठतं, आणि रक्तातले गोठवणारे घटक घटायलाही दिवस जातात. दुसऱ्या आठवड्यात आकडा पाच-सहावर जातो, तिसऱ्यात त्याच्याही पुढे. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शी, आणि वाईटात वाईट म्हणजे मेंदूत रक्तस्राव. हे टाळायचं तर रिफॅम्पिसिनची शेवटची तारीख आधीच हृदयाच्या डॉक्टरांच्या कागदावर हवी. त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा-दोनदा आयएनआर करायचा आणि डोस टप्प्याटप्प्याने खाली आणायचा. एका फटक्यात ४ वर आणलं तर उलटा धोका, कारण पहिल्या आठवड्यात एन्झाइम जोरातच असतं आणि झडपेवर गुठळी होऊ शकते. हाच हिशोब एचआयव्हीच्या डोलुटेग्रॅव्हिरला लागू होतो: रिफॅम्पिसिन चालू असताना ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि ते बंद झाल्यावरही दोन आठवडे दुसरा डोस चालू ठेवतात. पण तिथे दोन आठवडे जास्त दिल्याने फारसं बिघडत नाही. वॉरफॅरिनमध्ये ती मोकळीक नाही.

सिमेटिडिनची चाल उलटी. जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातलं ॲसिड कमी करण्यासाठी हिस्टामिनच्या रेणूवरून नवे रेणू घडवले. आधी ब्युरिमामाइड, मग मेटियामाइड, आणि १९७६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आलेलं सिमेटिडिन. हिस्टामिनमध्ये इमिडाझोल नावाचं नायट्रोजनयुक्त कडं असतं आणि हा वारसा सिमेटिडिनपर्यंत टिकला. त्या कड्यातला नायट्रोजन सायटोक्रोमच्या हीममधल्या लोहावर जाऊन बसतो, आणि तो बसला की एन्झाइमला काम करता येत नाही. कामगार तितकेच, पण त्यांची हत्यारं अडवून धरलेली. हे इन्हिबिशन. १९७९ मध्ये वॉरफॅरिनवरच्या रुग्णांत त्याचा परिणाम नोंदवला गेला. त्या काळी जास्त घोर होता तो दम्याच्या थिओफायलिनचा, कारण त्यात पुरेसा डोस आणि विषारी डोस यांत अंतर थोडं. अल्सरसाठी सिमेटिडिन सुरू झालं की एक-दोन दिवसांतच मळमळ, धडधड, हात थरथरणं, आणि पातळी फार चढली तर झटके.

इथे चढण्या-उतरण्याचा वेग बघा. भरती करायची नसते, म्हणून परिणाम चोवीस तासांत दिसतो. सिमेटिडिन थांबवलं की लोह मोकळं होतं आणि दोनेक दिवसांत सगळं पूर्ववत. १९८१ मध्ये आलेल्या रॅनिटिडिनमध्ये इमिडाझोलच्या जागी फ्युरान कडं घातलं होतं. ॲसिड तसंच कमी झालं, पण सायटोक्रोमशी झोंबणं जवळपास संपलं. दोष औषधाच्या मुख्य कामात नसून त्याच्या एका अवयवात होता, हे यातून स्वच्छ दिसलं.

ग्रेपफ्रूटचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या लंडन शहरात डेव्हिड बेली आणि सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपिनवर दारूचा काय परिणाम होतो ते पाहत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातली फेलोडिपिनची पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाली, आणि दारू काढून टाकली तरी ती तशीच राहिली. हे निरीक्षण १९८९ मध्ये छापून आलं आणि १९९१ मध्ये नेमक्या प्रयोगाने पक्कं झालं.

गिळलेल्या फेलोडिपिनपैकी एरवी सुमारे १५ टक्केच रक्ताभिसरणात पोचतं. बाकीचं आतड्याच्या अस्तरातलं आणि लिव्हरमधलं सीवायपी३ए४ वाटेतच संपवतं. रसातली बर्गामॉटिनसारखी फ्युरानोकुमारिन द्रव्यं आतड्यातल्या एन्झाइमला कायमचं निकामी करतात. इथे हत्यार अडवलं जात नाही, कामगारच जातो. म्हणून रस पोटातून निघून गेला तरी नवं एन्झाइम बनेपर्यंत, म्हणजे एक ते तीन दिवस, परिणाम राहतो. "सकाळी रस पितो, गोळी रात्री घेतो" असं सांगणारे रुग्ण मला भेटले आहेत. त्यांचा तर्क सिमेटिडिनला शोभेल, इथे तो चालत नाही. मात्र एखाद्या पेल्याचा परिणाम मुख्यतः आतड्यापुरताच असतो. शिरेतून दिलेल्या औषधाला त्याने सहसा फरक पडत नाही, आणि ॲम्लोडिपिनसारखी मुळातच बरीचशी शोषली जाणारी गोळीही फारशी हलत नाही. कोलेस्टेरॉलसाठीचं सिम्व्हास्टॅटिन मात्र चांगलंच चढतं, आणि तेव्हा स्नायू दुखू लागले तर तक्रार अंगावर काढू नये.

आपल्याकडे एक वेगळाच घोटाळा होतो. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष असं समजून लोक द्राक्षं सोडतात. द्राक्षाचा याच्याशी संबंध नाही. संबंध आहे तो पपनसाचा. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्र्याचा संकर. पपनसातही फ्युरानोकुमारिन असतात, आणि किडनी बदललेल्या रुग्णात पपनस खाल्ल्यावर, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसची पातळी चढल्याची नोंद आहे. टॅक्रोलिमस चढलं की तीच नवी किडनी दुखावते. गणपतीच्या दिवसांत बाजारात पपनसं येतात आणि कोकणात तर ती परसातच असतात. टॅक्रोलिमस लिहून देताना आपल्या रुग्णाला "ग्रेपफ्रूट नको" एवढंच सांगून उपयोग नाही. पपनस हा शब्द उच्चारायला हवा, आणि प्रसादाची एक-दोन फोडी आधीच खाल्ली गेली असेल तर ते न लपवता सांगा, आपण रक्तातली पातळी तपासून घेऊ, असंही म्हणायला हवं.