सरफेस निगेटिव्ह पण कोअर पॉझिटिव्ह, हिपॅटायटिस बीचा हा रिपोर्ट येतो कुठून?

हिपॅटायटिस बीच्या रिपोर्टवर साधारण तीन ओळी असतात. सरफेस अँटिजेन म्हणजे व्हायरसच्या बाहेरच्या कवचाचं प्रोटीन, कोअर अँटीबॉडी म्हणजे त्याच्या आतल्या गाभ्याविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रोटीन, आणि सरफेस अँटीबॉडी म्हणजे कवचाविरुद्ध बनवलेलं. बहुतेक लोक फक्त पहिली ओळ बघतात, ती निगेटिव्ह असली की सुटलो बाबा म्हणून कागद घडी करून ठेवून देतात. खरी गंमत दुसऱ्या ओळीत आहे, आणि ती नीट कळायला या दोन टेस्ट सापडल्या कशा ते माहीत असलेलं बरं.

सरफेस अँटिजेन सापडला तो चक्क अपघाताने. बारूक ब्लुमबर्ग हा अमेरिकन संशोधक वेगवेगळ्या लोकांच्या रक्तातल्या प्रोटीन्समध्ये जन्मजात फरक काय असतात ते शोधत होता, कावीळ वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हती. ज्यांना खूप वेळा रक्त चढवलंय अशा पेशंटच्या अंगात परक्या प्रोटीन्सविरुद्ध अँटीबॉडी तयार झालेल्या असणार असा त्याचा हिशोब, म्हणून तो आणि हार्वी आल्टर अशा पेशंटचं सीरम जगभरच्या सॅम्पल्ससमोर लावून बघायचे. जेलच्या थरात जवळजवळ छोटे खड्डे पाडायचे, एकात हे सीरम, शेजारच्यात ते, दोन्ही जेलमधून पसरत एकमेकांकडे येतात आणि जुळलं तर मध्ये बारीक रेघ उमटते. 1963 च्या सुमारास एका हिमोफिलियाच्या पेशंटचं सीरम आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचं सीरम यांच्यात अशी रेघ उठली. नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. 1965 मध्ये पेपर आला तेव्हा त्यात हा ल्युकेमियाशी जोडलेला म्हणून मांडला होता!

मग डाऊन सिंड्रोमच्या एका पेशंटमध्ये आधी निगेटिव्ह असलेली टेस्ट नंतर पॉझिटिव्ह झाली, म्हणजे हे जन्मजात नव्हेच, आणि तपासलं तर त्याच काळात त्याला हिपॅटायटिस झालेला. 1968 पर्यंत न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड प्रिन्स आणि जपानमध्ये ओकोची यांच्या कामातून रक्त चढवल्यावर होणाऱ्या काविळीशी याचा संबंध पक्का झाला. ब्लुमबर्गला 1976 मध्ये नोबेल मिळालं.

आता इतक्या कच्च्या टेस्टमध्ये हा अँटिजेन दिसलाच कसा? कारण हा व्हायरस आपलं बाहेरचं कवच गरजेपेक्षा कितीतरी पट जास्त बनवतो. आत काहीच नसलेले 22 नॅनोमीटरचे रिकामे गोळे रक्तात अक्षरशः सडा घातल्यासारखे पडलेले असतात, खरे अख्खे व्हायरस त्यामानाने अगदी थोडे. अख्खा व्हायरस 1970 मध्ये लंडनला डेव्हिड डेनने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवला, 42 नॅनोमीटरचा. पुढच्याच वर्षी जून अल्मेडा यांनी हे कण डिटर्जंटने फोडले, कवच गळालं आणि आतला गाभा मोकळा झाला, तोच कोअर.

कोअर रक्तात मोकळा फिरत नाही, तो कवचाच्या आत नाहीतर लिव्हरच्या पेशीत. म्हणून कोअर अँटिजेनची टेस्ट रिपोर्टवर दिसत नाही, दिसते ती त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी. 1973 मध्ये हूफनॅगल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती माणसाच्या रक्तात दाखवली आणि लवकरच कळलं की इन्फेक्शन झालेल्या जवळपास प्रत्येकात ती येते, आणि बहुतेकांत आयुष्यभर राहते. लसीत मात्र फक्त कवचाचं प्रोटीन असतं, कोअर नसतोच, त्यामुळे लस घेऊन ही अँटीबॉडी कधीच पॉझिटिव्ह होत नाही. हा एक मुद्दा डोक्यात बसला की निम्मा रिपोर्ट आपोआप वाचता येतो.

म्हणजे सरफेस अँटिजेन पॉझिटिव्ह असेल तर व्हायरस आत्ता अंगात आहे, आणि सहा महिन्यांहून जास्त टिकला तर क्रॉनिक. (लस घेतल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लसीतलाच अँटिजेन टेस्टमध्ये सापडू शकतो, तेवढं लक्षात असू द्या.) अँटिजेन निगेटिव्ह, कोअर अँटीबॉडी पॉझिटिव्ह, सरफेस अँटीबॉडी पॉझिटिव्ह, म्हणजे इन्फेक्शन होऊन गेलं आणि शरीराने ते आवरलं. नुसती सरफेस अँटीबॉडी पॉझिटिव्ह, तर ती लसीची. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे ना रोग ना लस, लस घेऊन टाकायची.

उरतो तो पॅटर्न जो सगळ्यांना चक्रावून टाकतो, एकटी कोअर अँटीबॉडी पॉझिटिव्ह आणि बाकी दोन्ही निगेटिव्ह. समजा लिम्फोमा या कॅन्सरचा एक पेशंट आहे, पन्नाशीतला, लिव्हरचा त्रास कधी नाही, त्यावरचं रिटुक्सिमॅब हे औषध सुरू करायच्या आधी टेस्ट केल्या आणि हे आलं. आधी बघायचं की टेस्टच खोटी पॉझिटिव्ह आहे का, म्हणून पुन्हा करायची, शक्यतो दुसऱ्या किटवर. हल्लीच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर ही अँटीबॉडी उसनी आलेली असू शकते तेही विचारायचं. मग कोअरची आयजीएम, म्हणजे ताज्या इन्फेक्शनमध्ये आधी येणारी अँटीबॉडी. ती पॉझिटिव्ह असेल तर हे ताजं इन्फेक्शन, अँटिजेन ओसरलाय आणि सरफेस अँटीबॉडी अजून दिसत नाही असा मधला विंडो पीरियड. क्रॉनिक पेशंटमध्ये रोग उसळला तरी आयजीएम थोडी वर येऊ शकते, त्यामुळे एकट्या तिच्यावर निकाल लावू नये. आपल्या पेशंटची आयजीएम निगेटिव्ह आली, पुन्हा केलेली कोअर पॉझिटिव्हच. म्हणजे बहुधा कधीतरी जुनं इन्फेक्शन आणि सरफेस अँटीबॉडी काळाच्या ओघात विरून गेलेली. पण अँटिजेन टेस्टमध्ये न सापडण्याइतका कमी व्हायरस असण्याचीही शक्यता उरते, ती बघायला व्हायरसचा डीएनए तपासायचा.

डीएनए पण निगेटिव्ह आला तर? इथेच बरेच जण फाईल बंद करतात आणि इथेच घोळ होतो. बरं झालेल्या माणसाच्या लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकातही व्हायरसच्या डीएनएची बंद कडी पडून राहू शकते, प्रतिकारशक्ती तिला दाबून ठेवते एवढंच. रिटुक्सिमॅब अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींची फळी साफ करतं, दाब सुटतो आणि व्हायरस परत वाढायला लागतो, कधी औषध थांबवल्यानंतर कित्येक महिन्यांनी. अशा रिॲक्टिव्हेशनमध्ये लिव्हर फेल होऊन माणसं दगावलीत, म्हणून 2013 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या औषधावर ठळक चौकटीतली वॉर्निंग टाकायला लावली आणि सुरू करण्याआधी अँटिजेन व कोअर अँटीबॉडी दोन्ही तपासा असं सांगितलं. फक्त अँटिजेन बघितला असता तर आपला पेशंट क्लीन म्हणून सरळ पुढे गेला असता.

त्यामुळे त्याला रिटुक्सिमॅबसोबत एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर हे व्हायरसला दाबणारं औषध सुरू करतात, आणि शेवटच्या डोसनंतरही निदान वर्षभर, बरेच डॉक्टर दीड वर्ष, चालू ठेवतात. ते थांबवल्यावरही पुढे काही महिने एएलटी हे लिव्हरचं एन्झाइम आणि व्हायरसचा डीएनए ठराविक अंतराने बघावे लागतात, कारण अँटीव्हायरल बंद केल्यानंतर उसळी आली तर आधी डीएनए वाढतो, एएलटी मागून चढते, आणि पेशंटला स्वतःला काही जाणवतं ते सगळ्यात शेवटी.