जहाज रुतल्यानंतरचा पहिला तास

चालते जहाज वाळूत, चिखलात किंवा खडकावर चढून अडकते, तेव्हा पहिल्या तासात टाक्यांतील पातळीची मोजणी, तळाच्या नुकसानीचा अंदाज आणि जहाज आपल्याच बळावर मागे ओढायचे की जागेवरच ठेवायचे याचा निर्णय, अशी तीन कामे एकमेकांत गुंतलेली असतात. इंजिन थांबवणे, धोक्याची घंटा देणे, जलरोधक दारे बंद करणे आणि किनाऱ्याला कळवणे हे काही मिनिटांत उरकते. दिवसा उभ्या रेषेत तीन काळे गोळे आणि रात्री नांगराच्या दिव्यांबरोबर दोन लाल दिवे लावून जहाज रुतल्याची खूण केली जाते. खरी कसोटी त्यानंतर लागते, कारण जहाज चालवण्याच्या कक्षातील माणसाचा पहिला हात बहुधा इंजिन पूर्ण वेगाने मागे घेण्याकडे जातो, आणि तळ फाटलेला असेल तर तीच सर्वांत घातक चूक ठरते.

टाक्या मोजण्याचे काम चीफ ऑफिसर करून घेतो. डेकवरील साउंडिंग पाइपचे झाकण उघडून, खडू किंवा पाणी दाखवणारी पेस्ट लावलेली पितळी पट्टी दोरीने तळापर्यंत सोडायची आणि ओल कुठवर चढली ते पाहून आदल्या नोंदीशी ताडायचे, अशी ही जुनी रीत आजही चालते. झाकण सैल करतानाच बरेच कळते. रिकाम्या टाकीच्या पाइपातून हवा फुसफुसत बाहेर येत असेल, तर खालून पाणी शिरत आहे आणि ते हवेला वर ढकलत आहे. असे झाकण लगेच परत घट्ट करावे, कारण कोंडलेली हवाच पाण्याला काही प्रमाणात रोखून धरत असते. एकदाच मोजून भागत नाही. ठराविक अंतराने पुन्हा मोजल्यावरच पाणी वाढते आहे की बाहेरच्या पातळीला येऊन थांबले आहे हे उमगते. तेलाच्या टाक्यांत उलट घडू शकते : तळ फुटला आणि आतल्या तेलाची पातळी समुद्रापेक्षा बरीच वर असली, तर ती भराभर खाली जाते.

दरम्यान डेकवरून शिशाचा ओळंबा सोडून जहाजाभोवती सर्व बाजूंनी खोली मोजतात आणि तळाला लागून वर येणारी वाळू, चिखल किंवा खडकाचा कणही पाहतात. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, पाणी उथळ आणि मागे खोल असेल, तर पंखा व सुकाणू बहुधा मोकळे आहेत असे मानता येते.

जहाजाचा किती भार जमिनीवर टेकला आहे, हे ड्राफ्टवरून, म्हणजे जहाज पाण्याखाली किती खोल आहे त्यावरून, काढतात. समजा, रुतण्यापूर्वी सरासरी ड्राफ्ट ९.५० मीटर होता, आता ९.१० मीटर आहे आणि हे जहाज एक सेंटीमीटर बुडण्यासाठी ४० टन भार लागतो. ड्राफ्टमधील घट ४० सेंटीमीटर म्हणून जमिनीवरचा भार सुमारे १,६०० टन झाला. वाळूवर घर्षण त्याच्या साधारण एक-तृतीयांश धरले तरी ओढायला पाचशे टनांहून अधिक जोर हवा, आणि मध्यम आकाराच्या जहाजाचा पंखा उलट फिरताना काही दहा टनच जोर देतो. ओहोटीत पाणी आणखी अर्धा मीटर उतरले तर भार ३,६०० टनांच्या घरात जातो आणि जहाजाची स्थिरताही घटते. म्हणून भरतीचे कोष्टक टाक्यांच्या नोंदीइतकेच निकडीचे असते. चढत्या भरतीत रुतलेले जहाज, तळ शाबूत असल्यास, पुढील पाण्याबरोबर आपोआप सुटू शकते. उधाणाच्या भरतीच्या माथ्यावर रुतलेल्या जहाजाला तेवढे पाणी पुन्हा मिळायला पुढचे उधाण, म्हणजे सुमारे पंधरवडा लागू शकतो. सुटका लगेच शक्य नसेल आणि लाटांनी जहाज आपटत असेल, तर टाक्यांत बॅलास्ट म्हणजे समुद्राचे पाणी भरून ते मुद्दाम जड करून स्थिर बसवतात.

२४ मार्च १९८९ च्या मध्यरात्री अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज ब्लाय रीफवर चढले, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. जहाज १२ वाजून ४ मिनिटांनी रुतले. अकरापैकी आठ तेलटाक्या फाटल्या होत्या आणि नियंत्रण कक्षातील मापकांवर पातळी उतरताना दिसत होती. चीफ ऑफिसरने संगणकावर ताण व स्थिरता तपासली आणि सुमारे एक वाजता तो या निष्कर्षास आला की खडकाचा आधार सोडून जहाजाने निघू नये. तरीही कॅप्टन हेझलवुड यांनी पुन्हा सुरू केलेले इंजिन १ वाजून ४१ मिनिटांपर्यंत चालू राहिले. जहाज सुटले नाही. सुमारे ४ कोटी लिटर तेल समुद्रात गेले. सुटले असते तर ज्या खडकाने ते फाडले होते त्याचाच आधार निघून जहाज उलटण्याचा किंवा बुडण्याचा धोका होता, आणि उरलेले तेलही पाण्यात जाऊ शकले असते.

त्यामुळे मागे ओढण्याचा प्रयत्न करण्यास मर्यादित परिस्थितीच योग्य आहे : पाणी चढते असावे, टाक्यांची नोंद स्थिर असावी, मागे पुरेशी खोली असावी, आणि इंजिनासाठी समुद्राचे पाणी वाळू न ओढणाऱ्या वरच्या तोंडांतून घेतलेले असावे. यातील एक जरी गोष्ट ठाऊक नसेल, तर टग म्हणजे ओढणाऱ्या बोटी व बचावपथक येईपर्यंत जहाज जागेवर ठेवून मोजणी चालू ठेवतात.